पेल्विस मोडल्यावर आधी रक्त का थांबवतात आणि हाड नंतर का बसवतात

मोटरसायकल समोरून आदळली की गाडी जागच्या जागी थांबते, पण चालवणारा थांबत नाही. तो सीटवरून पुढे घसरतो, पेट्रोलची टाकी त्याच्या मांड्यांच्या मधोमध येते आणि दोन्ही मांड्या बाहेर फाकतात. हा जोर थेट पेल्विसवर, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांवर येतो. बाहेरून पाहिलं तर खरचटण्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. जखम नाही, पायाचं हाड वाकडं नाही. तरीही अपघातात सापडलेल्या ज्या रुग्णांची आम्हा ऑर्थोपेडिकवाल्यांना सर्वात जास्त धास्ती वाटते, त्यांत हा माणूस वर असतो. त्याचं कारण हाडात नसून हाडाला चिकटून गेलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये आहे. उपचारांचा सगळा क्रमही त्यावरूनच ठरतो.

आधी रचना पाहू. पेल्विस हे एक कडं आहे. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मोठी हाडं, आणि पाठीमागे त्यांच्या मध्ये बसलेलं कण्याच्या तळाचं हाड, म्हणजे त्रिकास्थी. मागे त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो, त्याला आम्ही बोलताना एसआय जॉइंट म्हणतो. पुढे, जननेंद्रियाच्या वर, दोन्ही हाडं एका कूर्चेच्या सांध्याने जोडलेली असतात. त्याचं नाव सिंफिसिस. काचेची बांगडी एकाच जागी तुटून उघडत नाही, तसंच या कड्याचं आहे. पुढे ते चांगलंच उघडलेलं दिसत असेल तर मागेही कुठेतरी काहीतरी सुटलेलं असणारच. एक्स-रेमध्ये पुढची फट चटकन दिसते, मागची दिसत नाही, म्हणून ती शोधावी लागते.

या कड्याचा खरा भार मागच्या बाजूवर असतो. उभं राहिल्यावर धडाचं वजन कण्यातून त्रिकास्थीत, तिथून एसआय जॉइंटमधून मांडीच्या हाडात उतरतं. म्हणून त्या सांध्याच्या मागच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, शरीरातल्या सर्वात मजबूत लिगामेंटपैकी आहेत. सांध्याच्या पुढच्या बाजूचे मात्र त्या मानाने पातळ असतात. मांड्या फाकल्या की आधी सिंफिसिस सुटतो, मग ओटीपोटाच्या तळाशी असलेले लिगामेंट आणि एसआय जॉइंटच्या पुढचे लिगामेंट फाटतात, आणि जोर त्याहून मोठा असेल तर शेवटी मागचे मजबूत लिगामेंटही जातात. दुखापतीचं वर्गीकरण म्हणजे ही फाटाफूट या क्रमात कुठवर पोचली, हे ओळखणं.

कॅनडातल्या मार्विन टाइल यांच्या नावाने चालणारी पद्धत यासाठी सोपी आहे. अ गटात कडं अखंड असतं. एखादा टवका उडालेला असतो किंवा पुढच्या फांदीला तडा गेलेला असतो. असा माणूस दुखणं सोसेल तसा चालू शकतो. ब गटात कडं उघडतं किंवा आत दुमडतं, पण मागचे लिगामेंट शाबूत असल्यामुळे ते वर सरकत नाही. क गटात मागचंही सगळं तुटलेलं असतं, त्यामुळे पेल्विसचा अर्धा भाग धडापासून सुटून वर सरकू शकतो आणि तो पाय आखूड दिसायला लागतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या यंग आणि बर्जेस यांनी वेगळी विभागणी केली. जोर पुढून आला, बाजूने आला की उंचावरून पडल्यामुळे उभा आला, हे त्यांनी पाहिलं. या पद्धतीने तातडीच्या खोलीतल्या डॉक्टरला रक्त कुठून जात असावं आणि पोटात, मूत्रमार्गात आणखी काय बिघडलं असेल याचा अंदाज येतो. ऑपरेशन ठरवताना टाइलची पद्धत जास्त उपयोगी पडते, पहिल्या तासात यंग-बर्जेसची. निदान माझा तरी तसा अनुभव आहे.

रक्त जातं कुठे

आता एक रुग्ण घेऊ. तो कुणी एक ठरावीक माणूस नाही, अशा अनेकांवरून जुळवलेला आहे. वय ३२. दुभाजकाच्या फटीतून अचानक वळलेल्या गाडीवर त्याची मोटरसायकल आदळली. १०८ ची रुग्णवाहिका त्याला आणते तेव्हा तो शुद्धीवर असतो, घामाने थबथबलेला, पुन्हा पुन्हा पाणी मागत असतो. रक्तदाब ८०/५०, नाडी १३६. जांघेत आणि कंबरेत मागे दुखतंय, उजवा पाय बाहेरच्या बाजूला पडलाय, अंडकोश सुजून काळानिळा झालाय. मोठा भाऊ बरोबर आहे. रक्ताची सोय करायला सांगितल्यावर तो विचारतो, "डॉक्टर, बाहेर तर कुठे रक्त दिसत नाही. मग चार-चार पिशव्या कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्रिकास्थीच्या पुढे पातळ भिंतींच्या शिरांचं दाट जाळं पसरलेलं असतं. कडं उघडलं की ते ताणून फाटतं, आणि मोडलेल्या हाडाच्या उघड्या पृष्ठभागातूनही रक्त झिरपत राहतं. पेल्विसमधला बहुतेक रक्तस्राव असा शिरांचा आणि हाडाचा असतो. थोड्या रुग्णांमध्ये, ढोबळमानाने दहातल्या एका-दोघांमध्ये, धमनीही फाटलेली असते. हे सगळं रक्त पोटाच्या आतल्या आवरणामागच्या मोकळ्या जागेत साठतं. तिथे काही लिटर रक्त मावतं आणि पोट बाहेरून फारसं फुगलेलंही दिसत नाही. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. भावाला आम्ही हेच सांगतो: रक्त बाहेर आलेलं नाही, आतच सांडलंय.

याच वेळी आलेल्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२.४ असतं, आणि नवख्या माणसाची इथेच फसगत होते. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी बरोबरच जातात, त्यामुळे उरलेल्या रक्ताचा दाटपणा सुरुवातीला तोच राहतो. सलाईन गेल्यावर किंवा काही तासांनी शरीराने आतलं पाणी रक्तात ओढल्यावर आकडा खाली येतो. त्याऐवजी नाडी, रक्तदाब आणि रक्तातलं लॅक्टेट पाहायचं. पेशींना ऑक्सिजन पुरत नसला की लॅक्टेट वाढतं. आपल्या रुग्णाचं ६ आहे. २ च्या आत असायला हवं होतं.

पट्टा कुठे बांधायचा

सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर होणारा उपाय म्हणजे पेल्विसचा पट्टा. रुग्णवाहिकेत तो नसेल तर चादर चालते. चादरीची साधारण वीतभर रुंद घडी घालायची, गुडघ्यांखालच्या पोकळीतून सरकवायची आणि हळूहळू वर न्यायची. रुग्णाला कुशीवर वळवायचं नाही, कारण वळवलं की नुकती धरलेली रक्ताची गुठळी सुटते. दोन्ही पाय आतल्या बाजूला वळवून गुडघे एकमेकांना बांधायचे, मग दोघांनी दोन टोकं समोरासमोर ओढून, पीळ घालून चिमट्याने अडकवायची.

जागा चुकते ती नेहमी एकाच प्रकारे. पॅंटचा पट्टा जिथे असतो तिथे, कंबरेच्या उंच कडेवर, तो बांधला जातो. तिथे आवळल्याने खालची फट नीट मिटत नाही. पट्टा त्याहून बराच खाली हवा, मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर. म्हणजे पट्ट्याचा मध्य साधारण सिंफिसिसच्या पातळीवर येतो. तिथला दाब मांडीच्या हाडांतून थेट कड्यावर पोचतो.

पट्ट्याने जागा लहान होऊन रक्त आपोआप दाबलं जातं, असं पूर्वी जास्त मानलं जायचं. ते अर्धंच खरं आहे, कारण आतलं आवरण फाटलेलं असेल तर रक्त वर पसरायला मोकळं असतं. पट्ट्याचा मोठा फायदा असा की मोडलेल्या हाडांची तोंडं एकमेकांना भिडतात, कडं हलायचं थांबतं आणि गुठळी टिकते. बाजूने मार बसून कडं आधीच आत दुमडलेलं असेल तर जास्त आवळणं घातक ठरतं. पाय सरळ रेषेत येतील इतकंच ओढायचं. पट्ट्याखाली कातडी दबते, म्हणून ती तपासत राहायची आणि पट्टा साधारण एका दिवसाच्या आत काढता येईल अशी पुढची सोय करायची.

याच पट्ट्यामुळे आणखी एक गोष्ट फसवते. पट्टा नीट बसला असेल तर नंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये पेल्विस जवळपास सरळ दिसू शकतो, आणि कुणीतरी म्हणतं, "फ्रॅक्चर नाही, सोडा पट्टा." म्हणून कशी धडक झाली आणि रुग्ण कसा दिसतोय यावर जास्त विश्वास ठेवायचा. रुग्ण सावरल्यावर, डॉक्टर शेजारी उभे असताना, पट्टा ढिला करून पुन्हा एक्स-रे काढायचा. दोन्ही हातांनी कंबर दाबून, हलवून पाहण्याची जुनी तपासणी मात्र करायची नाही. तिच्यातून खात्रीचं काही कळत नाही, उलट रक्तस्राव पुन्हा सुरू होतो.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत रुग्णवाहिकेत पट्टा लागलेला नव्हता, त्यामुळे पहिल्या एक्स-रेमध्ये सिंफिसिसमध्ये ५ सेंटिमीटरची फट स्पष्ट दिसते आणि उजवा एसआय जॉइंट पुढून उघडलेला दिसतो. फट अडीच सेंटिमीटरच्या वर गेली की ओटीपोटाच्या तळाचे आणि एसआय जॉइंटच्या पुढचे लिगामेंटही फाटले असणार असं धरून चालतात. या दुखापतीला आमच्याकडे ओपन बुक म्हणतात. पट्टा बांधला जातो. धरलेली गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून दिलं जातं आणि पुढचं १ ग्रॅम आठ तासांत. २०१० च्या क्रॅश-२ या मोठ्या चाचणीतून हे पक्कं झालं की अपघातानंतर पहिल्या तीन तासांत दिलं तरच त्याचा फायदा होतो. रक्ताच्या बाबतीत तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळपास सारख्या प्रमाणात द्यायच्या आणि सोबत कॅल्शियम द्यायचं, कारण रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. थंड सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि गुठळी धरत नाही. डोक्याला मार नसेल तर वरचा रक्तदाब ८० ते ९० पर्यंत आणून तिथेच ठेवायचा. त्याहून वर ढकलला तर नुकतीच धरलेली गुठळी उखडते.

पट्टा पुरला नाही तर

रक्त दिल्यावर दाब ९६ वर जातो आणि पंधरा मिनिटांत पुन्हा ७८ वर येतो. रक्त चढलं की वर, थांबलं की खाली, हे चित्र दिसलं की रक्तस्राव चालूच आहे. आता उगम कुठे ते ठरवायचं. छातीचा एक्स-रे साफ आहे, पोटाच्या सोनोग्राफीत द्रव नाही. म्हणजे रक्त पेल्विसमध्येच जातंय.

इथून दोन वाटा आहेत. एका वाटेत मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून फुटलेली फांदी आतून बंद करतात. ही पद्धत धमनीसाठी उत्तम आहे, शिरांना तिचा उपयोग नाही, आणि तिच्यासाठी रात्री दोनलाही तयार असलेला रेडिओलॉजिस्ट आणि कॅथलॅब लागते. दुसरी वाट पॅकिंगची. ही कल्पना युरोपात रुजली आणि अमेरिकेत डेन्व्हरच्या शल्यविशारदांनी ती आजच्या रूपात आणली. साध्या ऑपरेशन थिएटरमध्ये, सराव असलेल्या हातांनी, ती अर्ध्या तासाच्या आत होते. आपल्याकडच्या बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी रात्री खरोखर हाताशी असणारी वाट हीच आहे. तिथल्या सर्जनने ती शिकलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

आधी कडं बंद करावं लागतं, कारण उघड्या कड्यात गॉज कोंबला तर तो कशावर दाबणार? म्हणून दोन्ही बाजूंच्या हाडांत पिना बसवून बाहेरून दांडीने जोडतात; याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. मग सिंफिसिसच्या वर मध्यरेषेत ६ ते ८ सेंटिमीटरचा छेद. पोटाचं आवरण उघडायचं नाही, त्याच्या पुढूनच खाली जायचं. साठलेल्या रक्तानेच वाट मोकळी केलेली असते. मूत्राशय एका बाजूला सारून हात कड्याच्या आतल्या कडेने मागे एसआय जॉइंटपर्यंत नेतात. प्रत्येक बाजूला साधारण तीन मोठे गॉज पॅक: पहिला सर्वात मागे त्रिकास्थीजवळ, दुसरा त्याच्या पुढे, तिसरा मूत्राशयाच्या बाजूला. मग छेद शिवून टाकतात. किती पॅक आत गेले ते फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, कारण दीड-दोन दिवसांनी काढणारी टीम वेगळी असू शकते.

पॅकिंगनंतर आपल्या रुग्णाचा दाब १०४ वर स्थिरावतो. अतिदक्षता विभागात सहा तास बरे जातात, मग रक्ताची गरज पुन्हा वाढते. शिरा दबल्यावरही रक्त लागत असेल तर धमनीचा संशय घ्यायचा. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केलं जातं आणि गुप्तांगाकडे जाणाऱ्या धमनीच्या एका फांदीतून रंग बाहेर झिरपताना दिसतो. ती फांदी नळीतून बंद केली जाते. फक्त तेवढीच. दोन्हीकडच्या मोठ्या धमन्या सरसकट बंद केल्या तर नितंबाचे स्नायू मरू शकतात आणि पुढच्या ऑपरेशनची जखम भरत नाही.

एक बारकावा सुरुवातीलाच पाहायचा असतो. या रुग्णाच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब होता. असा थेंब दिसला की लघवीची नळी जोर लावून ढकलायची नाही, कारण अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग पूर्ण तुटू शकतो. आधी मूत्रमार्गात रंग सोडून एक्स-रे काढतात. त्याचा मूत्रमार्ग खरंच फाटलेला निघाला, म्हणून ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी टाकली. ही नळी नंतर सिंफिसिसवर बसवायच्या धातूच्या प्लेटच्या छेदापासून लांब ठेवावी लागते, नाहीतर तिच्यातला जंतू प्लेटवर जातो. म्हणून ती टाकण्याआधी युरॉलॉजिस्ट आणि ऑर्थोपेडिक सर्जनने एकमेकांशी बोललेलं बरं. स्त्रियांमध्ये योनीची आणि सर्वांमध्ये गुदद्वाराची तपासणीही विसरायची नाही. हाडाचं टोक तिथे बाहेर आलेलं असेल तर ते उघडं फ्रॅक्चर असतं आणि सगळा हिशेब बदलतो.

हाड केव्हा बसवायचं

दुसऱ्या दिवशी भाऊ विचारतो, "प्लेट कधी टाकणार?" दाब ठीक असतो, रुग्ण बोलत असतो, आणि थांबण्याचं कारण बाहेरून दिसत नाही. पण एवढ्या मोठ्या आघातानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात शरीरातली सूज आणि दाहाची प्रतिक्रिया टोकाला असते. त्यात आणखी एक मोठं, रक्त सांडणारं ऑपरेशन केलं तर फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं बंद पडायला लागू शकतात. म्हणून या दिवसांत फक्त गरजेपुरतंच करायचं. आपल्या रुग्णाचे पॅक ३६ तासांनी काढले, आत रक्त येत नव्हतं आणि जागा स्वच्छ होती. पुढचं ऑपरेशन लॅक्टेट २ च्या आसपास आल्यावर, अंग गरम असताना, प्लेटलेट सावरल्यावर आणि ऑक्सिजनची गरज कमी झाल्यावर. हे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात जमतं. दोन-तीन आठवड्यांच्या पुढे गेलं तर फटीत चिवट पेशीजाल भरतं आणि हाड जागेवर ओढून आणणं फार अवघड होतं.

सातव्या दिवशी भूल दिल्यावर, चीर देण्याआधी, सी-आर्मखाली, म्हणजे टेबलावरच चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, कडं हलकेच दाबून आणि पाय ओढून पाहिला. जागेपणी जी तपासणी करायची नसते तीच इथे नियंत्रणात करता येते. कडं उघडत होतं, पण वर सरकत नव्हतं. म्हणजे ब गट. बिकिनीच्या रेषेतल्या आडव्या छेदातून सिंफिसिसवर सहा भोकांची प्लेट बसवली, आणि उजवीकडे बाहेरून एक लांब स्क्रू एसआय जॉइंट ओलांडून त्रिकास्थीच्या पहिल्या मणक्यात नेला. हा स्क्रू तीन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे पाहत घालतात. तो थोडा पुढे गेला तर कंबरेच्या कण्यातून येणारी पाचवी नस दुखावते आणि पाऊल वर उचलता येत नाही. थोडा खाली गेला तर त्रिकास्थीतल्या नसेच्या छिद्रात शिरतो. काही लोकांच्या त्रिकास्थीचा आकार जन्मतःच वेगळा असतो, आणि मग पहिल्या मणक्यात सुरक्षित जागाच उरत नाही. सीटी बघून हे आधीच ठरवावं लागतं.

तोच रुग्ण क गटातला असता तर एवढ्याने भागलं नसतं. बाहेरची दांडी फक्त पुढची बाजू धरते, मागचा वर सरकणारा भाग धरत नाही. अशा वेळी पहिल्या दिवसापासून मांडीच्या हाडात पिन घालून वजन लावतात आणि नंतर मागे दोन स्क्रू घालतात, किंवा कंबरेच्या मणक्यापासून पेल्विसपर्यंत रॉड टाकून सगळं एकत्र बांधतात. मागची बाजू नीट बसली नाही तर पाय कायमचा आखूड राहतो, आणि मांडी घालून बसायचा प्रयत्न केला की दुखणं पाठ सोडत नाही.

आपला रुग्ण वॉकर घेऊन घरी गेला. उजव्या पायाची फक्त बोटं टेकवायची, सहा ते आठ आठवडे. रक्त गोठू नये म्हणून पोटाला टोचायची इंजेक्शनं चालू, कारण या दुखापतीत पायाच्या आणि पेल्विसच्या शिरांत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो. ती कधी सुरू करायची हाही तोलच असतो; रक्तस्राव नक्की थांबला की लगेच, बहुधा एक-दोन दिवसांतच.

वर्षभराने काढलेल्या एक्स-रेमध्ये पुढच्या प्लेटचा एखादा स्क्रू सैल झालेला किंवा प्लेट मोडलेली दिसते आणि घरचे हादरतात. सिंफिसिस हा मुळात हलणारा सांधा आहे, तो पुन्हा थोडा हलायला लागला की धातू थकतो. फट वाढलेली नसेल आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. लघवीची धार बारीक होणं, ताठरता न येणं, स्त्रियांना संबंधाच्या वेळी दुखणं, हे त्रास या दुखापतीनंतर पुष्कळ जणांना होतात. रुग्ण संकोचाने सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरनेच विचारायला हवं. बाळंतपणाची काळजी असणाऱ्या तरुण स्त्रियांना हेही सांगायला हवं की पुढे प्लेट आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं असं नाही. तो निर्णय कडं कसं जुळलंय ते पाहून प्रसूतितज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर मिळून घेतात.